शिडीवर दोन्ही हात मोकळे हवेत

प्रिय मित्रा,

रविवारच्या कळसूबाईसाठी नवख्यांना पाठवायच्या तुझ्या दहा स्लाइड पाहिल्या. यादी वाईट नाही, पण ती कुठल्याही डोंगराला चालेल अशी झालीय. आपण पावसाळ्यात बारी गावातून चढणार आहोत, वाटेत लोखंडी शिड्या आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी त्या शिड्यांखाली रांग लागते. तिथे उभं राहून यादी वाच. जी वस्तू हातात धरावी लागते किंवा भिजल्यावर निकामी होते, ती खोडून टाक.

छत्री पहिली जाईल. शिडीवर दोन्ही हात लागतात आणि वरच्या वाऱ्यात ती उलटीच होते. घोळदार पोंचोही नको, त्याचा घेर पायात येतो आणि खालची पायरी दिसत नाही. साधं रेनजॅकेट पुरे. जीन्स भिजली की जड होते, गुडघ्याला चिकटते आणि दिवसभर वाळत नाही.

खरा त्रास चढताना होत नाही, थांबल्यावर होतो. चालताना अंग गरम असतं. शिडीखाली पाऊण तास उभं राहिलं की घाम आणि पाऊस दोन्ही गार पडतात. एकदा माझ्या गटातला एक धडधाकट मुलगा रांगेत कुडकुडायला लागला. थोड्या वेळाने तो गप्प झाला आणि त्याला जॅकेटची चेन लावता येईना. बोटं ऐकेनाशी होणं, जीभ जड होणं, विनाकारण चिडणं, ही गारठा अंगात शिरल्याची लक्षणं. त्याच्या सॅकमध्ये कोरडा टीशर्ट होता, म्हणजे सकाळी होता. रेनकव्हर घातलेलं असलं तरी पाठीकडून पाणी आत उतरतंच. शेवटी माझा स्वेटर त्याला दिला, गोड खायला घातलं आणि दोघं तिथूनच खाली उतरलो. शिखर राहिलं.

म्हणून स्लाइडवर असं लिही: सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी, तिचं तोंड पिळून बांधलेलं, आणि तिच्यात एक टीशर्ट, एक फ्लीस किंवा स्वेटर, मोजे. हे कपडे परतीच्या गाडीसाठी नाहीत. रांग लांब दिसली की आडोशाला आत स्वेटर चढवायचा, वर जॅकेट.

पाणी दोन लिटर, म्हणजे दोन किलो वजन. पावसाळ्यात तहान कळत नाही, म्हणून ते कमी करू नकोस. ओआरएसची पाकिटं दोन मापांची मिळतात, 200 मिलीची आणि एक लिटरची. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात अख्खं पाकीट घालायचं. चवीसाठी घट्ट केलं तर उलट त्रास होतो.

टॉर्च डोक्याला लावायचा हवा, आणि तो प्रत्येकाकडे. ‘आपण चारपर्यंत खाली’ असं म्हणतात, पण रांगेत जाताना-येताना मिळून तीन-चार तास गेले की उतरण अंधारात येते. फोनचा उजेड म्हणजे शिडीवर एक हात गेला. फोन राखून ठेव, 112 साठी. रेंज असेलच असं नाही, म्हणून शिट्टी गळ्यात हवी: मिनिटभरात सहा वेळा, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा.

स्पीकर, काचेची बाटली, दारू, यांवर स्लाइड खर्च करू नकोस, एका ओळीत नाही म्हण. (स्पीकरवाला एक तरी येतोच. त्याला गाडीतच ठेवायला लाव.)

गटाबद्दल तू लिहिलंयस, ‘सगळ्यांनी एकत्र राहावे’. ते कसं, ते लिही. पुढे एक अनुभवी, शेवटी एक अनुभवी, आणि शेवटच्याच्या मागे कोणी नाही. थांब्यावर पुढचे दहा मिनिटं बसतात, मागचा धापा टाकत पोचतो आणि पुढचे लगेच उठतात. म्हणजे ज्याला विश्रांती हवी, त्यालाच ती मिळत नाही. शेवटचा बसला, पाणी प्याला, की तिथून पाच मिनिटं मोज. शिडीवर वरचा माणूस पार पोचल्याशिवाय खालच्याने पाय ठेवू नये, आणि दगड सुटला तर लाज न बाळगता ‘दगड!’ असं ओरडावं.

परतायची वेळ आदल्या रात्रीच सांग. सकाळी सहाला बारी सोडणार असू, तर बारा वाजता जिथे असू तिथून वळायचं. देवीचं देऊळ समोर दिसत असलं तरी. वर पोचल्यावर ठरवायला गेलास तर मतदान होतं आणि तू हरतोस.

दुरुस्त केल्यास की पाठव. पहिल्या स्लाइडवरचं रंगीत छत्रीचं चित्र आधी काढ.

तुझी,
ताई