आधी निचरा, मग धुणे: पाण्याने खारावलेल्या जमिनीबद्दल

प्रश्न: साहेब, आठ वर्षं भरपूर पाण्यावर ऊस घेतोय. आता शेतात पांढरा थर येतो, ओल असूनही पीक सुकतं. दुकानदार क्षार काढायचं औषध आणि एकरी दोन टन जिप्सम सांगतोय. टाकू का? की जास्त पाणी भरून क्षार धुऊन काढू?

उत्तर: आज दोन्ही करू नका. बाटलीतले औषध तर कधीच घेऊ नका. मीठ औषधाने नाहीसे होत नाही. ते पाण्यात विरघळून शेताबाहेर गेले तरच जाते.

आधी हे मीठ आले कुठून ते पाहा. पाण्याची विद्युत वाहकता, म्हणजे त्यातल्या क्षारांचे माप, १ डेसिसीमेन्स प्रति मीटर असेल, तर हजार लिटर पाण्यात साधारण ६४० ग्रॅम क्षार असतात. चवीला ते पाणी गोडच लागते. एकरभर १० सेंटीमीटर पाणी दिले, की चार लाख लिटर पाण्यासोबत अडीचशे किलोहून जास्त क्षार शेतात येतात. वर्षाला अशा दहा पाळ्या म्हणजे अडीच टन. पीक पाणी पिते, क्षार बहुतेक मागेच ठेवते. कोरड्या भागात ते खाली ढकलायला पुरेसा पाऊस नसतो.

पण मीठ येण्यापेक्षा मोठे नुकसान होते ते जास्तीचे पाणी खाली साचल्याने. भूजल वर चढत दीड मीटरच्या आत आले, की भारी जमिनीत ते दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे पृष्ठभागापर्यंत येते. पाणी उडून जाते, मीठ वर राहते. पिकाला ओल असूनही पाणी ओढता येत नाही, पाने टोकाकडून करपतात. मग शेतकरी आणखी एक पाळी देतो. तीच पाळी भूजल आणखी वर आणते.

म्हणून पहिले काम असे: शेताच्या खोलगट भागात दोन मीटर खोल भोक पाडा आणि त्यात भोके पाडलेला पाईप उभा करा. दुसऱ्या दिवशी सकाळी काठी सोडून पाणी किती खाली आहे ते मोजा. अशाच एका शेतात मला पाणी ७० सेंटीमीटरवर लागले होते. वरच्या ६० सेंटीमीटर मातीची वाहकता ८ होती. मालकाने त्याआधी दोनदा शेत तुडुंब भरले होते. खाली वाट नसल्याने मीठ तिथेच राहिले आणि उन्हात पुन्हा वर आले. निचरा नसताना पाणी भरू नका.

तिथे सुमारे १.२ मीटर खोलीवर, २० मीटर अंतराने गाळणी गुंडाळलेले सच्छिद्र पाईप टाकले आणि उतार नाल्याकडे दिला. नळीचे तोंड नाल्याच्या पाण्याच्या वर असलेच पाहिजे, नाहीतर उलटे पाणी आत येते. पाईपांतले अंतर शेजाऱ्याचे पाहून ठरवू नका. ते मातीतून पाणी किती झरते त्यावर ठरते. पाणी शेजाऱ्याच्या शेतात सोडू नका. एकट्याचा निचरा अनेकदा अपुरा पडतो, म्हणून गटाने करा. अनुदान घ्यायचे असेल तर मंजुरी कामाआधी घ्या.

निचरा वाहू लागल्यावर धुणे. ढोबळ हिशेब असा, की जेवढी खोल माती धुवायची तेवढ्या उंचीचे पाणी तिच्यातून आरपार गेले, तर सुमारे ८० टक्के क्षार निघतात. ६० सेंटीमीटर मातीला ६० सेंटीमीटर पाणी. ते एकदम भरू नका. शेत सपाट करा, बांध घाला आणि दहा-दहा सेंटीमीटरच्या सहा पाळ्या द्या. मधे पाणी मुरू द्या. वेळ पावसाळ्याची किंवा थंडीची ठेवा. कडक उन्हाळ्यात धुऊ नका, पाणी वाफ होऊन जाते. नळीतून येणाऱ्या पाण्याची वाहकता दर पाळीला मोजत जा. आधी ती खूप जास्त येते, मग उतरते. त्या शेतात सहाव्या पाळीनंतर मातीची वाहकता ८ वरून २ च्या आसपास आली.

आता जिप्सम. ते चोपण, म्हणजे सोडियम जास्त झालेल्या जमिनीचे औषध आहे, खारट जमिनीचे नाही. स्वच्छ ग्लासात मातीचे ढेकूळ टाकून हलवा. पाणी थोड्याच वेळात निवळले तर जमीन बहुधा फक्त खारी आहे. जिप्सम वाया जाईल. पाणी गढूळच राहिले तर ती चोपण असू शकते. मग माती परीक्षण करून घ्या आणि त्यातला सोडियम पाहूनच मात्रा ठरवा. 'एकरी दोन टन' हे दुकानदाराला माती न पाहता कळत नाही. करपलेली पाने पाहून युरिया किंवा म्युरेट ऑफ पोटॅश वाढवायला सांगितले तरी ऐकू नका. म्युरेट ऑफ पोटॅश हा क्षारच आहे, आणि जास्तीच्या युरियानेही मुळांवरचा ताण वाढतो.

धुतल्यावर शेत उन्हाळ्यात उघडे टाकू नका, आच्छादन द्या. पुढच्या पाळ्या मुळांच्या खोलीपुरत्या द्या, ठिबकवर आलात तर उत्तम. ठिबकने मात्र क्षार ओल्या पट्ट्याच्या कडेला जमतात. पहिला हलका पाऊस पडला की ठिबक बंद करू नका, चालूच ठेवा. नाहीतर कडेचे मीठ पावसाच्या पाण्याबरोबर मुळाशी येते. उभ्या केलेल्या पाईपातली पातळी दर पंधरवड्याला वहीत लिहा. पाणी दीड मीटरच्या आत आले, की पुढची पाळी लांबवा.