मडकं तेच राहावं, दृश्य तेवढं बदलावं

प्रश्न : हाताने घडवलेल्या मडक्याचे फोटो देऊन एआयकडून वेगवेगळी दृश्यं बनवतोय. मडकं दरवेळी थोडं वेगळंच येतं. गळा बारीक होतो, पोटावरचे थापीचे ठसे गुळगुळीत होतात. पंधरा फोटोंवर लोरा ट्रेन केला तरी तेच. काय चुकतंय?

उत्तर : लोरा बरोबर आहे, त्याच्याकडून तुम्ही मागताय ते त्याच्याकडे नाही. लोरा काय किंवा आयपी-अ‍ॅडॅप्टर काय, मडक्याचा तोंडवळा शिकतात, मापं नाही. काठावर डावीकडे बोट दाबलं गेल्याची खूण असेल, तर त्यांच्या लेखी तो फक्त 'जरा वाकडा काठ'. म्हणून मी मडकं बनवूच देत नाही. फोटोतलं मडकं मास्क करून जसंच्या तसं ठेवतो आणि सभोवतालचं तेवढं इनपेंट करून घेतो.

एवढं करूनही ठसे पुसट होतात, आणि इथे बरेच जण गोंधळतात. मास्कमुळे मडकं सुरक्षित आहे असं वाटतं, पण चित्र व्हीएईमधून जाऊन परत येतं. एसडीएक्सएलमध्ये ८×८ पिक्सेलच्या चौकोनाचे १९२ आकडे फक्त ४ आकड्यांत कोंबले जातात. मातीचा रवा त्यातच जातो. खात्री करायची तर काहीही जनरेट न करता फोटो नुसता एन्कोड-डिकोड करा आणि मूळ फोटोवर Difference मोडमध्ये ठेवा. ठशांच्या कडा उजळ दिसतील. उपाय साधा आहे : सगळं झाल्यावर मूळ पिक्सेल त्याच मास्कने परत वर चिकटवा.

आता कोन. माझं एक मडकं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचं होतं आणि ते काही केल्या पुढे घरंगळल्यासारखं दिसत होतं. शेवटी काठाचं लंबवर्तुळ मोजलं : रुंदी ६२० पिक्सेल, उंची २१०. उंची भागिले रुंदी ०.३४, म्हणजे कॅमेरा साधारण २० अंश वरून पाहत होता (साइन २० अंश म्हणजे ०.३४). दृश्यातला कट्टा मात्र जवळजवळ नजरेच्या पातळीवर होता. प्रॉम्प्टशी दोन तास झटापट केली, काही उपयोग झाला नाही. कॅमेरा खाली घेऊन पुन्हा फोटो काढला, गुणोत्तर ०.१ च्या आसपास आलं आणि मडकं बसलं. तेव्हापासून प्रत्येक वस्तूचे तीन उंचींवरून फोटो काढून ठेवतो.

प्रकाशाचं काम जास्त नाजूक आहे. आयसी-लाइटसारखं मॉडेल मडक्यावर दृश्याचा उजेड छान पाडतं, पण पोत स्वतःच्या मनाने रंगवतं. त्याच्याकडून फक्त मोठ्या छाया-उजेडाचा थर घ्यायचा आणि बारीक तपशील मूळ फोटोतला ठेवायचा :

```python
# orig, relit: float32
lo = lambda x: cv2.GaussianBlur(x, (0, 0), 12)
out = np.clip(lo(relit) + orig - lo(orig), 0, 255)
```

१२ हा आकडा साधारण १००० पिक्सेल उंचीच्या मडक्याला चालला. तो फार लहान ठेवलात तर मॉडेलचा पोत आत शिरतो, फार मोठा ठेवलात तर जुना उजेड उरतो. ब्लर करण्याआधी दोन्ही चित्रांत मडक्यामागे एकच सपाट करडा रंग भरा, नाहीतर पार्श्वभूमीचा रंग कडेवर झिरपून झालर दिसते.

याची मर्यादा मात्र ओळखून असा. थापीच्या खळग्यातली छोटी सावली हा बारीक तपशीलच आहे, आणि ती मूळ उजेडाच्या दिशेची असते. फोटोत उजेड डावीकडून आणि दृश्यात उजवीकडून असेल, तर खळगे फुगवट्यांसारखे दिसायला लागतात. एका फोटोवरचं रीलाइटिंग हे क्वचितच नीट दुरुस्त करतं. फोटो आडवा उलटवला तर दिशा जुळते, पण घडवणाऱ्याला आपलं मडकं उलटं झालेलं पटकन कळतं! उजेडाची दिशा आधी ठरवा, मगच फोटो काढा.

राहिलं बूड. मॉडेलला मास्कच्या कडेला मडकं 'पूर्ण' करायची खोड असते. खाली बैठक जोडतं, कधी कान फुटतो. वर चिकटवलेले पिक्सेल हे झाकत नाहीत, कारण वाढ मास्कच्या बाहेर असते. प्रॉम्प्टमध्ये मडक्याचा शब्दच न घालता फक्त जागेचं वर्णन केलं की ही खोड बरीच कमी होते. टेकल्याची सावली मी बुडाखाली पातळ पट्टा मास्क करून, डिनॉईज ०.४ च्या आसपास ठेवून वेगळी काढतो. अगदी बुडाशी ती सर्वांत काळी हवी. तिथे उजेडाची फट राहिली तर मडकं तरंगतं.

हातात धरलेलं मडकं हवं असेल तर हाच क्रम उलटा चालतो : आधी मडकं बसवा, मग बोटांपुरती जागा मास्कमधून मोकळी करून बोटं वरून जनरेट करा. ओलं किंवा अर्धं पाण्यात बुडालेलं मडकं मात्र या पद्धतीने जमत नाही, कारण ओल्या मातीचा पृष्ठभागच वेगळा दिसतो. तिथे मडकं खरंच भिजवून फोटो काढावा लागतो.