गाणी कोणाच्या डोक्यात वाजत होती, ते आठवा

«कॉलेजात असताना हॉस्पिटलच्या एका इंग्रजी मालिकेचा भाग पाहिला होता. एरवी साधी मालिका, पण त्या दिवशी डॉक्टर, नर्स सगळे गात-नाचत होते. एका बाईच्या मेंदूत काहीतरी बिघाड झालेला. नाव सांगेल का कोणी?»

अहो, हाच भाग मी दोन वर्षं शोधला. वेंगुर्ल्यात पावसाची पहिली सर आली की लाईट जाते; माझाही शेवट तसाच हुकला. मग डोक्यात गाडीचा अपघात आणि गाणारे डॉक्टर एकत्र झाले आणि मी 'ग्रेज अ‍ॅनाटमी'च्या सातव्या सीझनच्या डिस्क मागवल्या. भाग भलताच निघाला. परत करायला गेलो तर तिथल्या माणसाने "डिस्क चालते ना? मग परत घेत नाही," म्हणून पाकीट पुढे सरकवलं. पाकीट फोडल्याची चूक माझीच, पण पैसे गेले ते गेलेच.

माझी गफलत कुठे झाली ते सांगतो. मी चाल आठवत बसलो. एरवी गाणी नसलेल्या मालिकेत लेखक गाण्याला बहुतेक वेळा कारण जोडतात. आपल्या दशावतारात पात्र गायला लागलं तर कोणी कारण विचारत नाही, तिथे मात्र द्यावं लागतं. म्हणून कारण आठवा, आणि गाणी कोणाला ऐकू येत होती ते आठवा.

'ग्रेज'मध्ये (2011) गाडीच्या अपघातात जखमी झालेली कॅली स्वतः डॉक्टर आहे. ती खाटेवर पडलेली आणि तीच बाजूला उभी राहून गाते. गाणीही त्या मालिकेत आधी वाजून गेलेलीच. भाग तासाभराचा, रडवणारा.

'स्क्रब्ज'च्या 'माय म्युझिकल'मध्ये (2007) बाई पेशंट आहे. तिला सगळ्यांचं बोलणं गाण्यात ऐकू येतं. आधी मनाचा आजार समजतात, तपासण्या होतात (शौचाच्या तपासणीवर अख्खं गाणं आहे!), मग मेंदूतल्या रक्तवाहिनीला मोठा फुगा सापडतो. ऑपरेशन झाल्यावर गाणी थांबतात. गाणी त्या भागासाठी नव्याने लिहिलेली आणि भाग अर्ध्या तासाचा. माझा हाच होता. माझ्या मते या प्रकारात इतकं नीट बसवलेलं कारण दुसऱ्या कुठल्या भागात नाही, पण हे माझं मत.

आजारी माणूस पुरुष डॉक्टर असता तर मी 1997 चा 'शिकागो होप' सांगितला असता. तुम्ही बाई म्हणताय, म्हणून तो सोडला.

सीझन विकत घेऊ नका; आधी भागाचं नाव टाकून दोन मिनिटांची क्लिप बघा. आणि ती बाई सुरुवातीला बागेत चक्कर येऊन पडली होती का, तेवढं सांगा.