आजी गप्प का झाली?

"आई, आम्ही लेझीम ग्रुपचं नाव 'गोंधळ गँग' ठरवलंय. सगळ्यांना जाम आवडलंय, पण आजी फोनवर एकदम गप्प झाली. ती म्हणते 'मराठी लोकनृत्य मंडळ' ठेवा. ते किती बोअर आहे! मग काय ठेवू?"

सोनू,

तुला गोंधळ म्हणजे घरभर पसरलेला पसारा. आजीला गोंधळ म्हणजे तिच्या लग्नानंतर घरात घातलेला कुलदेवीचा गोंधळ. चौक भरलेला, दिवटी पेटलेली आणि गोंधळी संबळ-तुणतुण्यावर एकेका देवाला नाव घेऊन बोलावतायत. त्या शब्दापुढे 'गँग' आलं आणि तिला बोलवेना. मला मात्र दुसरंही खटकलं. तुम्ही गोंधळ करतच नाही, लेझीम करता. नाव ऐकून कुणी संबळ ऐकायला आलं तर?

आजीचं नावही मला पटत नाही. 'लोकनृत्य' म्हटलं की कोळीनृत्य, टिपऱ्या, सगळंच आलं. त्यात तुमची लेझीम दिसत नाही. शिवाय आपल्याकडे प्रत्येक कलेच्या चमूला आपापला शब्द आहे. तमाशाचा फड, भजनाचं मंडळ, लेझमीचं पथक. म्हणून 'लेझीम पथक' हे आडनावासारखं मागे असू दे. ते जागेवर असलं की पुढचा शब्द तुमच्या आवडीचा घ्यायला मोकळीक मिळते.

तो शब्द लेझमीतूनच काढा. माझ्या मनात आधी 'ठेका' आला होता. पण ठेका म्हणजे कंत्राटही, 'ठेका लेझीम पथक' ऐकून लोक हसतील. मग शाळेचं मैदान आठवलं. सर आम्हाला पहिला प्रकार शिकवायचे तो 'चार आवाज': चार आकडे मोजायचे आणि प्रत्येक आकड्याला लेझीम वाजवायची. एकाचीही चकती मागे राहिली तर पाचवा आवाज यायचा आणि सर पुन्हा पहिल्यापासून करायला लावायचे!

'चार आवाज लेझीम पथक'. बघ, पाठीवर छापलं तर बँडचं नाव वाटेल आणि आजीला त्यात खटकण्यासारखं काही नाही. मराठी न येणाऱ्या निवेदकाला अडखळायला लावणारे ळ, ढ, ठ त्यात नाहीत. पोस्टरवर Chaar Awaz लिहा. शेवटी j लिहिलात तर तो 'जीवन'मधला ज काढेल, z आपल्या उच्चाराच्या जवळ जातो. तरी छापण्याआधी मराठी न येणाऱ्या दोन मित्रांना ते कागदावरून वाचायला सांग. दोघांनी वेगवेगळं वाचलं तर स्पेलिंग बदला, नाव नको.

तुम्ही नऊ जण असून 'चार' का, हे कुणीतरी विचारेलच. म्हणून कार्यक्रमाची सुरुवात हलगीशिवाय, नुसत्या त्या चार आवाजांनी करा. त्याचा व्हिडिओ आधी आजीला पाठव.

तुझी,
आई