बीटा कमी म्हणजे शेअर शांत, असं धरू नकोस

परीक्षेत सगळ्यात जास्त मुलं इथेच घसरतात, मीही घसरलो होतो. बीटा म्हणजे बाजार एक टक्का हलला की शेअर सरासरी किती टक्के हलतो, त्याचं माप. समज, एका औषध कंपनीच्या परताव्याचं प्रमाण विचलन 40 टक्के आहे, निफ्टीचं 20 टक्के आणि दोघांचा सहसंबंध 0.3. मग बीटा = 0.3 × 40 ÷ 20 = 0.6. शेअर बाजाराच्या दुप्पट उड्या मारतो, तरी बीटा एकाहून कमी! कारण सहसंबंधाचा वर्ग 0.09, म्हणजे विचरणातला फक्त 9 टक्के भाग बाजारामुळे आहे. बाकीचा कंपनीचा स्वतःचा: औषधाला मंजुरी नाकारली, कारखान्यात त्रुटी सापडल्या. ही अप्रणालीगत जोखीम वीस-तीस वेगवेगळ्या क्षेत्रांतले शेअर घेतले की बरीचशी विरते, म्हणून कॅपएम, म्हणजे बीटावरून अपेक्षित परतावा काढायचं सूत्र, तिचा मोबदला देत नाही.

आता जोखीममुक्त दर 7 आणि बाजाराचा परतावा 13 धर. अपेक्षित परतावा 7 + 0.6 × (13 − 7) = 10.6 टक्के. घाईत कंसातले 7 वजा करायचे राहिले, तर 14.8 येतं. बीटा एकाखाली असताना उत्तर बाजाराच्या 13 च्या वर गेलं, की तिथेच थांब आणि कंस तपास.

आणि क्वचित व्यवहार होणाऱ्या शेअरचा रोजच्या भावांवरून काढलेला बीटा खोटाच कमी दिसतो. तिथे मासिक परतावे घे.