भूपाची ‘स्केल’ आणि भूप

प्रश्न : राग म्हणजे इंग्रजीतली स्केलच ना? मग भूप आणि देशकार या दोन्हींत सा रे ग प ध हेच सूर असताना ते दोन राग कसे? वादी-संवादी म्हणजे नेमकं काय, आणि त्यांना ‘वादी’ का म्हणतात?

आधी ‘स्केल’ या शब्दाचाच गुंता सोडवू, कारण आपल्याकडे तो दोन अर्थांनी चालतो. ‘तुमची स्केल कुठली?’ असं पेटीवाल्यानं विचारलं आणि गायकानं ‘काळी एक’ म्हणून सांगितलं, तर तिथे स्केल म्हणजे पट्टी, म्हणजे सा कुठे धरायचा एवढंच. काळी एक असो की पांढरी चार, भूप भूपच राहतो. पाश्चात्त्य संगीतातली स्केल वेगळी. एका मूळ सुरापासून वरच्या सुरापर्यंत ठरावीक अंतरांवर मांडलेली सुरांची चढती रांग, हा तिचा अर्थ. पेटीवर पांढरी एक हा सा धरून पांढरी 1, 2, 3, 5 आणि 6 या पट्ट्या वाजवल्या, की जी पाच सुरांची मेजर स्केल तिकडे शिकवतात तीच वाजते. भूपाचे सूरही हेच आहेत.

पण ही रांग म्हणजे नुसता माल झाला. स्केल तुम्हाला कुठले सूर घ्यायचे ते सांगते. कुठल्या सुरावरून कुठे जायचं, कुठे थांबायचं, कुठला सूर ओझरता घ्यायचा, यावर ती काही बोलत नाही. पाश्चात्त्य रचनेतही चालीला स्वतःचं वळण असतं, पण ते त्या रचनेचं असतं, स्केलचं नव्हे. रागात मात्र हे वळण रागाच्या व्याख्येतच येतं.

भूप आणि देशकार समोरासमोर ठेवले की हे स्पष्ट दिसतं. भूपाचा वादी ग, संवादी ध. देशकाराचा वादी ध, संवादी ग. जोडी तीच, फक्त उलटी. भूपाची चाल साधारण अशी : सा रे ग, प ग, ध प ग, रे ग रे सा, ध़ सा रे ग. (खाली टिंब असलेला ध मंद्रातला, वर टिंब असलेला सां तारातला.) ग वर स्थिरपणे थांबायचं. ध कडे गेलं तरी तिथे बसकण मारायची नाही, ‘ध प ग’ असं परत यायचं. रे इथे मोकळेपणानं येतो, ‘सा रे ग’ ही सरळ चढण भूपाला शोभते. देशकार पाहा : सा, ग प ध, ध प, ग प ध सां, ध प, ग प ध प, ग रे सा. इथे मुक्काम ध वर, आणि त्याच्या पाठोपाठ प वर. रे दुबळा, चढताना बहुधा गाळलेला, उतरताना झटकन सा कडे नेणारा. भूप मंद्र आणि मध्य सप्तकात रमतो, देशकार मध्य सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात आणि तारात.

शिकणाऱ्याची हमखास चूक इथेच होते. भूप गाताना ‘सा ग प ध’ अशी उडी घेऊन तो ध वर थांबतो, कारण ध सुरेल लागला की तिथे थांबावंसं वाटतं. एकाही वर्ज्य सुराला हात लागलेला नसतो, तरी ऐकणाऱ्याला देशकार दिसू लागतो. ओळखायचं कसं? आपलं गाणं ध्वनिमुद्रित करा आणि प्रत्येक वाक्य कुठल्या सुरावर संपतं तेवढंच कागदावर मांडा. भूपात ग, सा, रे आणि अधूनमधून प यायला हवेत. ध ची रांग लागली असेल तर बिघाड सापडला. उपाय म्हणून काही दिवस ध ला नेहमी ‘सां ध प ग’ किंवा ‘प ध प ग’ अशा प्रवासातच घ्या, आणि तानेची शेपटीही ग वर किंवा सा वर आणून सोडा.

म्हणूनच वादी म्हणजे सर्वांत जास्त वेळा येणारा सूर, ही व्याख्या अपुरी आहे. तानेत सगळेच सूर जवळजवळ सारखे येतात. वादी ठरतो तो ठहरावावरून, वाक्यांच्या शेवटांवरून आणि इतर सूर त्याच्याकडे कसे ओढले जातात त्यावरून. वादी राजा, संवादी प्रधान, अनुवादी सेवक, विवादी शत्रू ही पाठ्यपुस्तकी उपमा पाठ करायला सोयीची, पण तिच्यामुळे वाटतं की सा चं राज्य वादीकडे गेलं. तसं होत नाही. तंबोऱ्यात सा अखंड वाजतच असतो, तो आधार; वादी त्या आधारावर बोलणारा.

‘बोलणारा’ हाच शब्दाचा मूळ अर्थ. वद् म्हणजे बोलणे. कोर्टातला वादी आपली बाजू मांडतो, रागातला वादी रागाची ओळख सांगतो. संवादी म्हणजे त्याच्याशी जुळवून बोलणारा. ‘विसंवादी सूर’ हा आपल्या रोजच्या मराठीतला प्रयोगही याच कुळातला. नाट्यशास्त्रात वादी, संवादी, अनुवादी आणि विवादी असे चारही शब्द आहेत, पण तिथे भर सुरांच्या आपापसातल्या अंतरावर आहे. संवादाचं मोजमाप सा-म किंवा सा-प या नात्याचं. पेटीवर काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजल्या तर हे अंतर 5 किंवा 7 भरतं. भूपात ग पासून ध पाचव्या पट्टीवर, आणि ध पासून वरचा ग सातव्या. म्हणजे ग ला सा मानलं तर ध त्याचा म होतो. नियम पाळला गेला.

तो सगळीकडे पाळला जात नाही, हेही सांगायला हवं. मारव्यात कोमल रे वादी आणि शुद्ध ध संवादी मानतात. अंतर मोजा, 8 भरतं. इथे ‘संवादी’ हा शब्द अंतराचं नाव न राहता ‘दुसऱ्या क्रमांकाचं ठिकाण’ एवढ्यापुरता उरतो, आणि मारव्याची बेचैनी बरीचशी त्या न जुळण्यातूनच येते असं मला वाटतं.

वादीचा वेळेशीही संबंध जोडलेला आहे. भातखंड्यांनी (1860-1936) मांडलेल्या पद्धतीत वादी सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात असला तर राग दुपारी 12 ते मध्यरात्र या काळातला, वरच्या अर्ध्यात असला तर मध्यरात्र ते दुपारी 12 मधला. ग वादी असलेला भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात, ध वादी असलेला देशकार सकाळी. त्याच पद्धतीत भूप कल्याण थाटात आणि देशकार बिलावल थाटात बसवलेला आहे, सूर तेच असूनही.

पाश्चात्त्य संगीत शिकलेले बरेच जण वादीला तिकडचा ‘डॉमिनंट’ समजतात. डॉमिनंट म्हणजे मूळ सुरापासूनचा पाचवा सूर; प्रत्येक मेजर स्केलमध्ये त्याची जागा तीच. वादीची जागा राग बदलला की बदलते, आणि भूप-देशकारात तर सूर न बदलताही बदलते. शिवाय तिकडे रचनेच्या मध्यात मूळ सूर हलवता येतो. इथे सा हलवला की राग हातातून जातो : भूपाचेच पाच सूर घ्या, पण ग ला सा माना, तर सा ग म ध नी हे मालकंसाचे सूर हाती येतात, त्यातले ग, ध, नी कोमल. त्यांचाही मालकंस तेव्हाच होईल, जेव्हा म वर थांबायला शिकाल. त्याचा वादी म आहे.