छोट्या फ्लॅटचं दार दिवाळीसाठी ५०० रुपयांत कसं सजवावं?

«वन-बीएचके आहे, दारासमोर चार फुटी पॅसेज, जाळीचा दरवाजा बाहेर उघडतो. ५०० रुपयांत रांगोळी, तोरण, पणत्या सगळं बसवायचंय. कसं करू?»

खरेदीला जाण्याआधी एक काम करा. जाळीचा दरवाजा पूर्ण उघडा आणि त्याची कड जमिनीवर कुठून कुठे फिरते ते खडूने आखून घ्या. तीन फुटी दार असेल तर निदान पाव वर्तुळ पडेल आणि चार फुटी पॅसेजचा बराच भाग त्यातच जाईल. या वर्तुळात पणती ठेवायची नाही. रांगोळी सपाट असते, दार तिच्यावरून सहसा जातं. पण दीड इंच उंच पणती पहिल्याच पाहुण्याला दार उघडताना उलटते. दार ९० अंशांवर थांबत असेल तर बिजागरीकडच्या भिंतीशी पणत्या ठेवा. ते पूर्ण मागे भिंतीला टेकत असेल तर कडीच्या बाजूला, पण चौकटीपासून फूटभर लांब. येणाऱ्याची साडी किंवा ओढणी तिथूनच जाते.

रांगोळीही त्या वर्तुळाबाहेर काढा, नाहीतर संध्याकाळपर्यंत चपलांखाली जाईल. माझं मत विचाराल तर फूटभर चौरस रांगोळी पुरे. सात बाय सात ठिपके, दोन ठिपक्यांत दोन इंच अंतर घेतलं की बरोबर बारा इंच होतात. चकचकीत टाइलवर गेरू नीट धरत नाही, वाळला की पापुद्रे निघतात आणि टाइलच्या सांध्यात लाल डाग राहतो. म्हणून फुटाहून जरा मोठा प्लायचा तुकडा किंवा जाड पुठ्ठा घ्या, गेरूत थोडा फेव्हिकॉल कालवून त्याला दोन हात द्या आणि रांगोळी त्यावर काढा. सकाळी जिना झाडायला कोणी आलं तर अलगद उचलून आत ठेवता येते. रंग दोनच घ्या. पांढऱ्या रांगोळीत निम्मा रंग मिसळला तरी छटा छान उतरते आणि एक पुडी पाचही दिवस पुरते.

पैसे खरे जातात ते फुलांवर, आणि तिथेच वाचवता येतात. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी झेंडू सगळ्यात महाग असतो आणि दाराला लावलेला झेंडू दोन-तीन दिवसांत मलूल होतो. त्यामुळे तोरण दोन भागांत करा. धनत्रयोदशीला नुसत्या आंब्याच्या पानांचं तोरण बांधा. पानं वाळली तरी आकार धरून राहतात आणि भाऊबीजेपर्यंत चालतात. फुलांची माळ वेगळ्या दोऱ्यात ओवून लक्ष्मीपूजनाला त्यावर चढवा. फुलं आदल्या दिवशी घ्या आणि ओल्या फडक्यात सैल गुंडाळून ठेवा. पिशवीत कोंडली तर आतून काळी पडतात.

ओवण्यातही बचत आहे. सुई देठातून सरळ फुलाच्या तोंडाशी काढली की फुलं एकमेकांवर दाबली जातात आणि तीन फुटांना पस्तीस-चाळीस लागतात. त्याऐवजी देठाजवळच्या टणक हिरव्या भागातून सुई आडवी घाला. मग प्रत्येक फूल दीड-दोन इंच जागा व्यापतं आणि वीस-बावीस फुलांत तोरण भरतं. पाव किलोत एवढी फुलं सहज निघतात. दोरा दारापेक्षा फार लांब नको. मधे चार-पाच इंच झोळ हवा असेल तर दोन इंच जास्त पुरे, शिवाय गाठींसाठी दोन्हीकडे वीतभर. खिळे ठोकायचे नसतील तर चिकटणारे हुक आदल्या दिवशी, कोरड्या पुसलेल्या चौकटीवर लावा. ओल्या फुलांसकट लगेच लटकवले तर सुटतात.

पणत्या पाच घ्या, त्याहून जास्त नकोत. कोऱ्या पणत्या रात्रभर पाण्यात ठेवून दुसऱ्या दिवशी पूर्ण वाळवा, नाहीतर अर्धं तेल मातीच पिते. एका पणतीत दोन चहाचे चमचे तेल घातलं की साधारण दोन तास जळते. पाच पणत्या, पाच संध्याकाळी, म्हणजे पाव लिटर तेल. मोठी बाटली आणायचं कारण नाही. वात काठाबाहेर जेमतेम दाण्याएवढी ठेवा. जास्त काढली की ज्योत काजळी धरते आणि भिंत काळी होते.

पॅसेजमध्ये वारा असेल तर पणत्या उंच कडेच्या ताटात ठेवा. ज्योतीला आडोसा मिळतो आणि झिरपलेलं तेल फरशीवर उतरत नाही. सोसायटीत पहिली तक्रार तेलाच्या डागांचीच येते. पॅसेज हाच सगळ्यांचा बाहेर पडायचा रस्ता असतो, म्हणून अर्धी रुंदी मोकळी सोडा आणि झोपण्याआधी पणत्या विझवून ताट आत घ्या.

दर गावागणिक बदलतात, तरी ५०० पैकी २०० तोरणासाठी राखून ठेवा. पणत्या, वाती, तेल मिळून तेवढेच धरा, उरलेल्यात रांगोळी, गेरू आणि हुक येतात. तेल घरचंच वापरणार असाल तर वाचलेल्या पैशांत पाडव्याला फुलांची माळ बदलता येईल.